अठ्ठेचाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग, सहा सेकंदांचे तीन तुकडे

इचलकरंजीच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे : मोबाइलवर एखादी गोष्ट कशी करायची हे दाखवण्यासाठी मी स्क्रीनचं रेकॉर्डिंग करते आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. पण काहींना अक्षरं धूसर दिसतात, काहींचं ते उघडतच नाही आणि बाकीचे म्हणतात, “आपा, एवढं मोठं काय पाठवलंत?” यावर काही उपाय आहे का?

उपाय आहे. आधी दुखणं समजून घेऊ. त्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरते, कारण ते आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मला सारखं लागतं. फोनमध्ये उर्दू कीबोर्ड कसा बसवायचा, हे ते उदाहरण. आमच्याकडच्या कितीतरी अम्मी, खाला उर्दू सफाईने वाचतात, पण मेसेज मात्र रोमन अक्षरांत लिहितात. त्यांच्या फोनमध्ये उर्दू कीबोर्ड नसतो असं नाही. तो कुठे दडला आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. तोंडी सांगून ते कळत नाही, बोट कुठे ठेवायचं ते दिसावं लागतं.

हे सगळं एका दमात रेकॉर्ड केलं तेव्हा ४८ सेकंदांची फाइल झाली. तिचं वजन ३८ एमबी. आता ही फाइल पाठवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत अडचण आहे. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली, तर व्हॉट्सॲप ती पाठवण्याआधी स्वतःच दाबून लहान करतं. माणसांच्या चेहऱ्याला, लग्नाच्या व्हिडिओला हे दाबणं खपून जातं. पण स्क्रीनवरची बारीक अक्षरं दाबली की पुसट होतात आणि आपल्याला दाखवायची असतात ती अक्षरंच. दुसरा मार्ग म्हणजे डॉक्युमेंट म्हणून पाठवणं. तसं केलं तर फाइल जशीच्या तशी पोहोचते, अक्षरं सुरेख दिसतात, पण ५० घरांत प्रत्येकी ३८ एमबी उतरतात आणि चॅटमध्ये ती आपोआप चालतही नाही. ज्या अम्मीच्या फोनमध्ये ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी रोज येते, ती हे उघडणार नाही.

म्हणून दाबायचं काम व्हॉट्सॲपवर न सोडता आपणच करायचं. काय टाकून द्यायचं आणि काय ठेवायचं, हे यंत्राला कळत नाही, आपल्याला कळतं.

टाकून देण्यासारख्या गोष्टी चार : नको तो वेळ, नको तो स्क्रीनचा भाग, नको तितकी चित्रं आणि आवाज. यांतला वेळ सगळ्यात आधी. त्या ४८ सेकंदांत मी मेसेज उघडते, सेटिंग शोधते, यादी वर-खाली करते, क्षणभर थांबते. कामाची हालचाल जेमतेम पंधरा सेकंदांची आहे आणि तिचे सरळ तीन भाग पडतात. पहिला : जीबोर्ड उघडला की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्यावर बोट, मग दातेरी चाकावर बोट. दुसरा : `Languages`, मग `Add keyboard`, मग शोधून उर्दू निवडायची आणि `Done`. तिसरा : स्पेस बारजवळचं गोलाचं चिन्ह दाबून उर्दू आणि पुन्हा मराठी.

या तीन भागांचे तीन वेगळे तुकडे करायचे. पाहणाऱ्या बाईला एका वेळी एकच हालचाल करायची असते. ती पहिला तुकडा पाहते, स्वतःच्या फोनवर तेवढं करते, परत येऊन दुसरा पाहते. लांब व्हिडिओत तिला मागे-पुढे ओढत बसावं लागतं. लहान तुकडा मात्र आपणहून पुन्हा पुन्हा फिरत राहतो, तिने एकदा चुकवला तर सहा सेकंदांनी पुन्हा समोर येतो.

आता ‘सहा सेकंद’ हा आकडा कुठून आला? व्हॉट्सॲपमध्ये पाठवायचा व्हिडिओ निवडला की वरच्या बाजूला चित्रांची एक पट्टी येते. तिची दोन्ही टोकं बोटाने आत ओढून व्हिडिओ छाटता येतो. पट्टीखाली लांबी आणि वजन दिसतं. ओढत ओढत लांबी सहा सेकंदांच्या आत आणली, की तिथे `GIF` असा पर्याय दिसू लागतो. तो निवडून पाठवलं की तुकडा चॅटमध्ये आपोआप, आवाजाविना, फिरत राहतो. फिरायचा थांबला तर त्यावर बोट लावलं की पुन्हा सुरू. संगणक नाही, वेगळं ॲप नाही, जाहिराती नाहीत. बहुतेक वाचकांचं काम इथेच होईल. एकच मूळ रेकॉर्डिंग तीन वेळा निवडायचं, तीन वेगळ्या जागी छाटायचं आणि प्रत्येकाखाली ‘१/३’, ‘२/३’, ‘३/३’ असं लिहून पाठवायचं. हे आकडे विसरू नका. ग्रुपवर मधेच कुणी ‘शुक्रिया’ लिहितं, कुणी सकाळचा फुलांचा फोटो टाकतं आणि तुकड्यांचा क्रम हरवतो.

इथे एक गंमत सांगते. व्हॉट्सॲप ज्याला जीआयएफ म्हणतं ती खरी जीआयएफ नसतेच. तो आतून बिनआवाजाचा छोटा एमपी४ व्हिडिओच असतो, फक्त फिरता. खरी जीआयएफ फार जुनी. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने ती १९८७ मध्ये आणली, तिथल्या स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने ती तयार केली. उच्चार ‘जिफ’ असाच करायचा, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले आणि निम्मं जग शेवटपर्यंत ‘गिफ’ म्हणत राहिलं. आपण सरळ ‘जीआयएफ’ म्हणू, भांडण नको.

हा फरक नुसता नावाचा नाही, वजनाचा आहे. जीआयएफ ही मुळात चित्रांची चळत आहे. एकामागून एक चित्रं ठेवलेली, प्रत्येकात जास्तीत जास्त २५६ रंग. आधीच्या चित्रापेक्षा जो चौकोन बदलला तेवढाच पुढच्या चित्रात ठेवण्याची सोय तिच्यात आहे, पण ‘हे सगळं आहे तसंच, फक्त थोडं वर सरकलं’ असं तिला सांगता येत नाही. एमपी४ व्हिडिओला ते सांगता येतं. म्हणून तुम्ही यादी बोटाने वर सरकवली, की जीआयएफच्या दृष्टीने सगळं चित्र नवं झालं आणि प्रत्येक क्षणाला पूर्ण पान नव्याने लिहावं लागलं. व्हिडिओ मात्र सरकलेला भाग ओळखून थोडक्यात भागवतो. एकाच रेकॉर्डिंगची खरी जीआयएफ व्हिडिओपेक्षा कितीतरी पट जड निघते, त्याचं हे कारण.

यातून रेकॉर्डिंग करतानाच पाळायचा एक नियम निघतो : सरकवणं टाळा. उर्दू शोधायला भाषांची लांबलचक यादी खाली ओढत नेण्यापेक्षा, वरच्या भिंगावर बोट लावून नाव टाइप करा. बघणाऱ्यालाही तेच सोपं. सरकवावंच लागलं तर सरकवून झाल्यावर तिथून पुढचा तुकडा सुरू करा.

रेकॉर्डिंगचीही थोडी तयारी लागते. अँड्रॉइड ११ पासून वरून खाली ओढायच्या पडद्यात `Screen record` हे बटण आहे. आयफोनमध्ये ही सोय आयओएस ११ पासून आहे. अँड्रॉइडवर सुरू करण्याआधी तो विचारतो : आवाज हवा का, आणि बोट जिथे लागेल तिथे खूण दाखवायची का. आवाज बंद ठेवा, बोटाची खूण चालू ठेवा. खूण नसेल तर पडदे आपोआप बदलल्यासारखे वाटतात आणि बोट नेमकं कुठे लागलं ते कळत नाही. फोन पांढऱ्या, साध्या रंगसंगतीवर ठेवा. प्रत्येक टप्प्यावर एक ठोका थांबून मग बोट लावा. हे आपल्याला संथ वाटतं, पण नव्या माणसाला तेवढा वेळ लागतोच.

आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. रेकॉर्डिंग चालू असताना वरून बँकेचा मेसेज उतरला, तर तो ५० घरांत जातो. कीबोर्डच्या बाबतीत आणखी एक फट आहे, ती पटकन लक्षात येत नाही. थोड्या वेळापूर्वी कॉपी केलेला मजकूर जीबोर्ड आपल्या वरच्या पट्टीत सुचवतो. तो ओटीपी असू शकतो, कुणाचा आधार क्रमांक असू शकतो. रेकॉर्डिंगच्या आधी एखादा निरुपद्रवी शब्द कॉपी करून ठेवा, म्हणजे पट्टीत तोच दिसेल. पासवर्ड टाइप करताना वर ठिपके दिसले तरी खाली दाबलेली कळ उजळते, त्यामुळे पासवर्डचा भाग रेकॉर्डच करायचा नाही. बँकांची बरीच ॲप रेकॉर्डिंग होऊच देत नाहीत, तिथे नुसता काळा पडदा येतो. तो फोनचा बिघाड समजू नका.

एवढ्यावर ज्यांचं काम भागलं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. पुढचं त्यांच्यासाठी, ज्यांना अक्षरं आणखी ठसठशीत हवी आहेत आणि ज्यांच्या घरी किंवा शाळेत संगणक आहे.

फोनवर नुसतं छाटून पाठवण्यात एक उणीव राहते. फोनचा पडदा उंच आणि निमुळता, बहुधा १०८० बाय २४०० ठिपक्यांचा. चॅटच्या चौकटीत असं उभट चित्र वर-खाली कापलेलं दिसतं आणि पूर्ण उघडलं तरी लहान फोनवर अक्षरं बारीक राहतात. आपल्या पहिल्या तुकड्यात सगळी हालचाल कीबोर्डवर, म्हणजे पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात आहे. मग वरचा अर्धा भाग ठेवायचाच कशाला? तो कापला की ठिपके निम्मे होतात आणि अक्षरांचा आकार जराही कमी होत नाही. फाइल हलकी करण्यासाठी पूर्ण चित्र आक्रसण्याआधी नको तो भाग कापून टाकायचा, हा क्रम महत्त्वाचा. गुगल फोटोजमध्येही व्हिडिओ असा कापता येतो, पण संगणकावर तो नेमका आणि प्रत्येक वेळी सारखा होतो.

त्यासाठी `ffmpeg` नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. फाब्रिस बेलार यांनी तो २००० साली सुरू केला. त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची. शाळेच्या संगणकावर उबंटू असेल तर `sudo apt install ffmpeg`, विंडोज असेल तर `winget install Gyan.FFmpeg` असं लिहून तो घेता येतो. मूळ रेकॉर्डिंगला `urdu.mp4` असं साधं नाव द्या, कारण नावात मोकळ्या जागा असल्या की आज्ञा अडखळते. मग ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथे खिडकी उघडून पहिल्या तुकड्यासाठी हे एकाच ओळीत लिहायचं :

```
ffmpeg -ss 3 -t 4.5 -i urdu.mp4 -an -vf "crop=iw:ih/2:0:ih/2,scale=480:-2,fps=10,tpad=stop_mode=clone:stop_duration=1" -c:v libx264 -crf 26 -pix_fmt yuv420p bhag1.mp4
```

दिसायला भीतीदायक आहे, पण डावीकडून उजवीकडे वाचलं की सरळ आहे. तिसऱ्या सेकंदापासून साडेचार सेकंद घे. `-an` म्हणजे आवाज नको. `crop` म्हणजे रुंदी पूर्ण ठेव, उंची निम्मी आणि ती खालची. `scale` म्हणजे उरलेलं चित्र ४८० ठिपके रुंद कर. `fps=10` म्हणजे सेकंदाला दहाच चित्रं ठेव. फोन सेकंदाला ३०, कधी ६० पर्यंत चित्रं घेतो, पण बटण दाबलेलं दाखवायला दहा पुरतात. `tpad` म्हणजे शेवटचं चित्र एक सेकंद धरून ठेव. हा शेवटचा भाग मला सगळ्यात आवडतो. फिरत्या तुकड्याचा शेवट कुठे आणि सुरुवात कुठे, हेच बघणाऱ्याला कळत नाही. शेवटी एक सेकंद चित्र स्थिर राहिलं की ‘इथे पोहोचायचं आहे’ हे न सांगता कळतं. साडेचार आणि एक मिळून साडेपाच सेकंद, म्हणजे व्हॉट्सॲपच्या सहाच्या आत.

`-crf` हा वजनाचा काटा. आकडा वाढवला की फाइल हलकी आणि चित्र भरड. २६ वर अक्षरं नीट राहतात. ३२ च्या पुढे गेलात की अक्षरांभोवती धूर दिसू लागतो. उर्दूत हे आधी नुक्त्यांवर दिसतं : ‘बे’, ‘पे’ आणि ‘ते’ यांत फरक फक्त नुक्त्यांचा आणि तेच पुसले जातात. त्यामुळे तपासताना मोठी अक्षरं बघू नका, ‘पे’चे तीन नुक्ते वेगळे मोजता येतात का ते बघा. आले नाहीत तर आकडा दोनने खाली आणा.

ज्या जागी हमखास अडतं ती म्हणजे `scale` मधला `-2`. बऱ्याच ठिकाणी तिथे `-1` लिहिलेलं सापडतं. पूर्ण पडदा, १०८० बाय २४००, ४८० रुंदीला आणला तर उंची येते १०६६.६७. `-1` लिहिलं तर ती १०६७ धरली जाते आणि प्रोग्रॅम `height not divisible by 2` असं म्हणून थांबतो. या प्रकारच्या व्हिडिओला रुंदी आणि उंची दोन्ही सम लागतात. `-2` लिहिलं की तो जवळची सम संख्या, १०६६, स्वतःच घेतो. दुसऱ्या तुकड्यात भाषांची यादी पूर्ण पडद्यावर असते, तिथे `crop` चा भाग काढून टाकायचा आणि वेळ बदलायची, तेव्हा हे आठवेल. तो तुकडा सहा सेकंदांत बसला नाही, तर रेटू नका. `Add keyboard` पर्यंत एक आणि पुढे एक असे दोन करा आणि खालचे आकडे ‘१/४’ पासून लिहा.

माझ्या उदाहरणात पहिला तुकडा दीडशे केबीच्या आसपास झाला आणि सगळे मिळून एक एमबीच्या आत बसले. ३८ एमबीच्या जागी हे. ती फाइल फोनवर घेऊन व्हॉट्सॲपमध्ये निवडायची आणि आधीसारखंच `GIF` करून पाठवायची. व्हॉट्सॲप पुन्हा थोडं दाबेल, पण आधीच लहान आणि ठसठशीत असलेल्या चित्रात त्याला गमावण्यासारखं फारसं उरत नाही. ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्याच नंबरला पाठवा आणि घरातल्या सर्वांत जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघा. स्वतःच्या चांगल्या फोनवर सगळंच चांगलं दिसतं.

खरी जीआयएफ कुठे लागते? ईमेलच्या मजकुरात, किंवा शाळेच्या सभेत दाखवायच्या पॉवरपॉइंटच्या पानावर. तिथे चित्र ठेवल्यासारखी ती ठेवता येते आणि आपोआप फिरते. तयार तुकड्यापासूनच ती करायची :

```
ffmpeg -i bhag1.mp4 -vf "split[a][b];[a]palettegen[p];[b][p]paletteuse=dither=none" -loop 0 bhag1.gif
```

यात प्रोग्रॅम आधी पूर्ण तुकडा बघून त्याला लागणारे २५६ रंग निवडतो, मग त्या रंगांत चित्रं लिहितो. हे न करता थेट रूपांतर केलं की ठरावीक रंगांवर काम भागवलं जातं आणि पांढऱ्या पडद्यावर रांगोळीचे कण सांडल्यासारखे ठिपके येतात. `dither=none` ने ते ठिपके थांबतात आणि फाइलही हलकी राहते. ही आज्ञा साध्या पडद्यांसाठी आहे. मागे निसर्गदृश्याचं वॉलपेपर असेल तर रंगांचे पट्टे पडलेले दिसतील. म्हणूनच वर साध्या रंगसंगतीचं सांगितलं. `-loop 0` म्हणजे न थांबता फिरत राहा.

एक मर्यादा मात्र कोणत्याही आज्ञेने जात नाही. तुमच्या फोनमध्ये `Languages` लिहिलेलं असतं, खालाजानच्या फोनमध्ये मराठीत ‘भाषा’ आणि त्यांच्या सुनेच्या फोनमध्ये जीबोर्डच नसतो, सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड असतो. तिथे सगळी मांडणीच वेगळी. म्हणून पहिल्या तुकड्याखाली ‘१/३’ च्या पुढे ‘जीबोर्डसाठी’ एवढं लिहा. ज्यांच्याकडे दुसरा कीबोर्ड आहे त्या विचारतील. अशा चार-पाच जणी असतील तर त्यांच्यापैकी एकीचा फोन हातात घेऊन त्यावरच दुसरं रेकॉर्डिंग करा, भाषाही तिचीच राहू द्या. आज्ञेतले वेळेचे दोन आकडे तेवढे बदलतील, बाकी सारं तसंच चालेल.